मल्चिंग पेपर, ठिबकच्या नळ्या आणि औषधाच्या बाटल्या: चोपडा तालुक्यातल्या गोळाकामाच्या नोंदी

१८ एप्रिल

टरबुजाचा शेवटचा तोडा झाला. काम तीन प्रकारचं आहे: एक एकरातला एका पिकाचा मल्चिंग पेपर, शेजारच्या वावरातला दोन पिकं घेतलेला पेपर, आणि केळीच्या जुन्या बागेतल्या निकामी ठिबकच्या नळ्या. फवारणीच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या आमच्या शेतकरी गटातल्या सगळ्यांकडून येणार आहेत.

आधी कागदावर हिशोब करून घेतला, कारण वावरातून किती निघायला हवं हे माहीत नसलं तर किती राहिलं हेही कळत नाही. पेपर ४ फुटी, २५ मायक्रॉन, चंदेरी-काळा. ४०० मीटरच्या अशा रोलचं वजन साधारण ११ किलो भरतं. बेड ६ फुटांवर असले तर एकराला २,२०० मीटर पेपर लागतो, म्हणजे साडेपाच रोल. यावरून या एकरात जानेवारीत सुमारे ६१ किलो प्लॅस्टिक अंथरलं गेलं. मीटरमागे २८ ग्रॅम. हा आकडा पुढे सारखा लागणार आहे.

२१ एप्रिल

वेल आधी काढले. वेल पेपरवरच वाळू दिले तर मुळं छिद्रातून आत धरून राहतात आणि पेपर उचलताना प्रत्येक छिद्रापाशी फाटतो. विळ्याने वेल बुडाशी कापून पाला बांधाला नेला. बुडखा उपटायचा नाही, कापायचाच. उपटला की सोबत मातीचा गड्डा येतो आणि पेपरवर पसरतो.

त्यानंतर ठिबकच्या एंड कॅप काढून नळ्या धुवून घेतल्या. गाळ निघाला तसं कॅप लावून तासभर पाणी सोडलं. पिकाची गरज नसताना पाणी देणं मजुरांना विचित्र वाटलं, पण कारण साधं आहे. आमची जमीन भारी काळी. कोरडी पडली की पेपरच्या कडेवरची माती ढेकळासारखी घट्ट होते आणि कड तिच्यात चिमट्यात धरल्यासारखी अडकते. फार ओली असेल तर तीच माती पेपरला लेपासारखी चिकटते. वाफसा आला की काम करायचं.

एका कडेच्या चार बेडांची सबमेन बंद पडली होती, तिथे पाणी पोचलंच नाही. ते बेड तसेच कोरडे ठेवले. फरक बघायला बरं.

२४ एप्रिल

कडा सोडवल्या. बैलाच्या कोळप्याने करून पाहिलं, पण पास उथळ चालते आणि दोन्ही बाजूंना वेगवेगळं जावं लागतं. ट्रॅक्टरच्या कल्टिव्हेटरचे मधले फण काढून फक्त बाहेरचे दोन ठेवले, म्हणजे बेडच्या दोन्ही कडा एकाच फेरीत सुटतात. फण पेपरच्या गाडलेल्या कडेपासून २-३ इंच बाहेरून चालला पाहिजे. आत आला की तो पेपर ओढत नेतो. ट्रॅक्टर पहिल्या लो गिअरमध्येच.

फणांचं अंतर ठरवण्यासाठी आधी एका ठिकाणी हाताने माती उकरून कड नेमकी कुठे आहे ते बघावं. पेपर अंथरणाऱ्या यंत्राने कड दोन्ही बाजूंना सारखी गाडलेली नसते. इथे एका बाजूला ४ इंच, तर दुसऱ्या बाजूला ७ इंच निघाली. बेडच्या मध्यावरून अंतर मोजलं असतं तर एक कड पूर्ण फाटली असती.

रोटाव्हेटर पेपरवर अजिबात फिरवू नये. हे अनेकांना ठाऊक असूनही घाईत केलं जातं. पेपरच्या चिंध्या होऊन वीतभर खोल मातीत जातात आणि मग त्या वेचता येत नाहीत. वर पेपर शाफ्टच्या टोकाला गुंडाळून ऑइल सील खराब होतं, तो खर्च वेगळा.

२५ एप्रिल

उचलणं सकाळी ६ ते ९.३० या वेळातच. चोपड्यात या दिवसांत दुपारी पारा ४३-४४ वर जातो. काळ्या पाठीचा पेपर तापून मऊ पडतो, ओढला की रबरासारखा ताणतो आणि मग तुटतो. सकाळी तोच पेपर ताठ असतो. साडेनऊनंतर जे दोन बेड घेतले, त्यांचे तुकडे सकाळच्या तुलनेत कितीतरी जास्त झाले, म्हणून थांबलो.

पद्धत अशी. दोन बाया बेडच्या दोन कडांना चालत पेपर वर उचलतात, सरळ पुढे ओढत नाहीत. तिसरी मागून राहिलेली कड कुदळीने मोकळी करते. बेडच्या टोकाला लोखंडी स्टँडवर अडीच इंची पाइपाला दांडा बसवून केलेलं गुंडाळं ठेवलंय, त्यावर पेपर दोरीसारखा पीळ न पाडता सपाट गुंडाळायचा. पीळ पडला की माती घडीत अडकते आणि ती नंतर कशानेच निघत नाही.

कोरड्या ठेवलेल्या चार बेडांवर अपेक्षेप्रमाणेच झालं. पेपर मधून नीट आला, पण कडा जमिनीतच राहिल्या, तीन-चार बोटं रुंदीच्या लांबलचक पट्ट्या. पेपर बहुतेक वेळा मातीच्या पातळीवरच फाटतो. वरच्या भागाला ऊन लागून तो कमजोर झालेला असतो, गाडलेली कड मात्र नव्यासारखी मजबूत असते, आणि जिथे दोन्ही मिळतात तिथे जोर पडतो. या चार बेडांच्या कडा काढायला बाकीच्या वावराइतकाच वेळ गेला.

नळी पेपर उचलल्यावरच काढायची. आधी खेचली तर ती पेपरखालून सरकताना छिद्रांत अडकते.

२७ एप्रिल

पेपर मातीसकट विकायला नेऊ नये. जळगाव एमआयडीसीत प्लॅस्टिकवर प्रक्रिया करणारे भरपूर आहेत, चटई आणि पाइपचा धंदा तिथे मोठा आहे. पण मातीचा पेपर बघितला की ते एकतर नाही म्हणतात किंवा वजनात इतकी घट धरतात की गाडीभाडंही निघत नाही. माती धुवायला पाणी लागतं आणि दळताना त्यांच्या पात्यांची धार जाते, त्यामुळे त्यांचंही चूक नाही.

माती किती आहे हे नजरेने कळत नाही, म्हणून नमुना काढला. गुंडाळ्यातून १० मीटर पेपर कापला आणि स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोलला: ८५० ग्रॅम. तोच तुकडा बादलीत धुवून, सावलीत वाळवून पुन्हा तोलला: २७६ ग्रॅम. हिशोबाने २७९ यायला हवे होते. १० मीटरमध्ये २६ छिद्रं येतात, प्रत्येक छिद्राला एक दशांश ग्रॅम प्लॅस्टिक कमी, म्हणजे आकडा जुळला. शेतातून जसा निघाला तसा पेपर म्हणजे दोन भाग माती आणि एक भाग प्लॅस्टिक.

मग गुंडाळे उलगडून बांधावर बांबूंच्या आडव्या काठ्यांवर टाकले आणि कडक उन्हात अर्धा दिवस ठेवले. काळी माती वाळली की तडकून पापुद्र्यांनी सुटते. तेव्हा काठीने झोडायचं, उलटायचं, परत झोडायचं. ओला असताना झोडून काही होत नाही, माती आणखी बसते. झोडल्यानंतर १० मीटरचं वजन ५६० ग्रॅम आलं. म्हणजे निम्मी माती अजून आहे, पण घेणारा यावर बोलायला तयार होतो.

एकरातला झोडलेला सगळा पेपर ११४ किलो भरला. त्यातलं प्लॅस्टिक नमुन्याच्या प्रमाणात काढलं तर साधारण ५६ किलो. अंथरलं होतं ६१. म्हणजे चार-पाच किलो अजून जमिनीत आहे, बहुतेक कोरड्या बेडांच्या कडांचं.

यात छिद्रं पाडताना पडलेल्या टिकल्या आहेतच. ३ इंची छिद्राची एक टिकली वजनाला काहीच नाही, पण एकराला पावणेसहा हजार छिद्रं पडतात, म्हणजे अर्ध्या किलोहून जास्त टिकल्या वाऱ्याने बांधाला आणि नाल्यात जातात. लागवडीच्या वेळी छिद्रं पाडणाऱ्याच्या कमरेला पिशवी बांधून टिकल्या तिथेच जमा करणं हाच उपाय. आता, तीन महिन्यांनी, त्या शोधणं शक्य नाही.

२ मे

दुसरं वावर. इथे टरबुजानंतर त्याच पेपरवर काकडी घेतली होती आणि पेपरही २० मायक्रॉनचा. वाफसा, सकाळची वेळ, फणांचं अंतर, सगळं तसंच ठेवलं, तरी हातात तळहाताएवढे तुकडे. दोन पिकं काढलेला पातळ पेपर अखंड निघत नाही, एवढं आता खात्रीने लिहिता येईल. गुंडाळं बाजूला ठेवून पंज्याने ओढून, टोपल्यांत वेचावा लागला. त्यामुळे मजुरी दुपटीच्या पुढे गेली. दोन पिकं घ्यायचीच असतील तर ३० मायक्रॉनचा पेपर घ्यावा. अंथरताना रोलमागे जे वाचतं ते काढताना त्याहून जास्त जातं.

हे तुकडे झोडता येत नाहीत. जाळीदार गोण्यांत भरून, आतले आत हलवून जितकी माती गळेल तितकी गाळली. काहींनी बांधावर पेटवून द्यायचं सुचवलं. तसं करायचं नाही. पेपर उघड्यावर जळताना काजळीचा विषारी धूर होतो, आणि पूर्ण जळतही नाही. वितळून मातीशी ज्या काळ्या गाठी बनतात त्या कोणीच घेत नाही.

५ मे

केळीच्या बागेतल्या नळ्या. १६ मिलिमीटर, इनलाइन, खारीच्या दातांनी बऱ्याच ठिकाणी फोडलेल्या आणि उन्हाने चिरलेल्या. आधी ठरवायचं असतं की नळी टाकायची की आम्ल सोडून वाचवायची. फक्त ड्रीपर क्षाराने बुजले असतील तर आम्लप्रक्रियेने ती बरेचदा चालते. नळी वाकवल्यावर वाकाच्या बाहेरच्या अंगाला बारीक चिरा दिसल्या तर मात्र ती गेली. इथे चिरा सगळीकडे होत्या.

पहिलं १०० मीटरचं वेटोळं तोललं तेव्हा ११ किलो. या जाडीची १०० मीटर नळी फक्त ४ किलो असते. उरलेलं सगळं पाणी आणि गाळ. हिशोब केल्यावर आश्चर्य राहत नाही: १४ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या नळीत मीटरमागे दीडशे मिलिलिटर पाणी मावतं, म्हणजे १०० मीटरमध्ये १५ लिटर. नळी अर्धी भरलेली असली तरी ती प्लॅस्टिकपेक्षा पाण्याचंच जास्त वजन देते. घेणारा हे ओळखतो आणि अंदाजाने घट धरतो, जी नेहमी आपल्या विरुद्धच असते.

म्हणून वेटोळं करण्याआधी दोन्ही टोकं उघडी करून एकाने नळी खांद्यावर घ्यायची आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचं. खांद्याचा उंचवटा पुढे सरकतो तसं पाणी समोरच्या टोकातून बाहेर पडतं. मग एक दिवस उन्हात. यानंतर वेटोळी ४ किलोच्या थोडीच वर आली.

गुंडाळताना जॉइनर, टेकऑफ, रबरी ग्रोमेट कापून वेगळे काढले. सबमेनचे पीव्हीसीचे तुकडे तर कटाक्षाने वेगळे. नळ्या पॉलिथिनच्या, सबमेन पीव्हीसीची. दोन्ही एकत्र वितळवलं तर पॉलिथिनच्या तापमानाला पीव्हीसी जळायला लागतं आणि आम्लाचा वायू सोडून सगळा माल बिघडवतं. शंका आली तर बादलीभर पाण्यात तुकडा टाकावा, पॉलिथिन तरंगतं आणि पीव्हीसी बुडतं. तुकड्यात हवा अडकली नाही ना तेवढं बघावं.

९ मे

बाटल्या. इथे काम उलटं आहे, गोळा करण्याआधीच बहुतेक काम झालेलं असावं लागतं. औषध संपलं त्याच वेळी, फवारणीच्या जागीच बाटली धुतली तर ती धुतली जाते. चार दिवस पडली की औषध आतल्या भिंतीला वाळून धरतं.

गटात येत्या हंगामासाठी जी पद्धत ठरवली ती इथे लिहून ठेवतो. औषध पंपात ओतल्यावर बाटली उलटी धरून शेवटचा थेंब पडेपर्यंत, कमीत कमी अर्धा मिनिट, निथळायची. बाटलीचा पाव भाग पाणी घ्यायचं, झाकण लावून अर्धा मिनिट जोरात हलवायचं, पाणी पंपातच ओतायचं, परत निथळायचं. असं तीन वेळा. मग तळाला सळईने भोक पाडायचं, म्हणजे कोणी तिच्यात रॉकेल किंवा पाणी भरणार नाही.

तीनदा का, एकदाच भरपूर पाण्याने का नाही, हा प्रश्न हमखास येतो. समजा लिटरच्या बाटलीत निथळूनही १० मिलिलिटर औषध राहिलं. ७५० मिलिलिटर पाण्याने एकदा धुतली तर मागे राहणाऱ्या १० मिलिलिटरमध्ये ०.१३ मिलिलिटर औषध असतं. तेच पाणी २५०-२५० करून तीनदा वापरलं तर उरतं ०.०००६ मिलिलिटर. पाणी तेवढंच, आणि औषध दोनशे पटीने कमी.

एक गोष्ट सांगायची राहते आणि मग लोक धुणं सोडून देतात: हे पाऊण लिटर पाणी पंपातच जाणार असल्यामुळे १५ लिटरचा पंप आधी काठोकाठ भरायचा नाही. बाटली ज्या पंपाला संपणार तो पंप लिटरभर रिकामा ठेवावा. नाहीतर धुण्याचं पाणी बांधावर किंवा विहिरीच्या थारोळ्यात ओतलं जातं, आणि तसं धुण्यापेक्षा न धुतलेलं बरं.

हातमोजे नायट्राइलचे घ्यावेत. कापडी हातमोजा औषध शोषून कातडीला धरून ठेवतो.

१४ मे

आलेल्या बाटल्या निवडल्या. जवळपास सगळ्या जुन्या, न धुतलेल्या. काही जणांनी म्हटलं की आता धुवून घेऊ. ते केलं नाही. फवारणी चालू नसताना ते विषारी पाणी टाकायला जागाच नाही, आणि वाळलेलं औषध तीन पाण्यांनी निघतही नाही.

धुतलेल्या म्हणून आलेल्या बाटल्यांची मात्र परीक्षा घेतली. पांढऱ्या जाड बाटलीच्या आतलं दिसत नाही. काचेच्या भांड्यात घेता येईल इतकं थोडं स्वच्छ पाणी बाटलीत फिरवून बाहेर पाहिलं. लेबलवर ईसी लिहिलेलं औषध पाण्यात दुधासारखं पांढरं होतं, त्यामुळे पाणी गढूळ आलं तर बाटली धुतलेली नाही. एससी औषधही गढूळपणा दाखवतं. एसएल मात्र पाण्यात पूर्ण विरघळतं, पाणी नितळ दिसतं, तेव्हा ही परीक्षा तिथे चालत नाही. वास घेऊन बघायचा प्रकार कोणीही करू नये. परीक्षेचं पाणी एका कॅनमध्ये साठवून, झाकण लावून, चिठ्ठी डकवून बाजूला ठेवलंय.

झाकणं आणि तोंडावरचे फॉइलचे सील वेगळ्या गोणीत. आट्यांमध्ये औषध अडकतं, ते धुतलेल्या बाटलीच्या झाकणातही राहतं. पावडरच्या पुड्यांची पाकिटं अनेक थरांची असतात, ती पुनर्वापराला चालत नाहीत, म्हणून न धुतलेल्या मालातच. अर्धवट भरलेल्या बाटल्या एकमेकींत ओतायच्या नाहीत, लेबलसकट मूळ बाटलीतच ठेवायच्या.

भंगारवाला सगळ्या बाटल्या किलोवर न्यायला तयार होता. दिल्या नाहीत. न धुतलेली बाटली भंगारात गेली की पुढे तिचं काय होतं यावर कोणाचा ताबा राहत नाही.

२० मे

विक्री आणि खर्च, एका एकरापुरता.

पेपर: कडा सोडवायला ट्रॅक्टर ७०० रुपये, उचलायला सहा बाया एक सकाळ १,८००, झोडायला ६००. एकूण ३,१००. पेपर ११४ किलो, ६ रुपयांनी ६८४ रुपये आले. म्हणजे एकराला दोन हजार चारशेच्या वर खिशातून. तुकड्यांच्या पेपरला भावच मिळाला नाही, गाडी जातच होती म्हणून तो फुकट दिला.

केळीच्या बागेतल्या नळ्या: एकराच्या ९१ किलो भरल्या, २८ रुपयांनी २,५४८. नळी काढायला दोन माणसांचा दिवस, ९००. पेपरची तूट नळ्यांनी बरीचशी भरून निघाली, म्हणून गटाने दोन्ही माल एकाच गाडीने न्यायचं ठरवलं. पेपर एकटा न्यायला गेलं तर कोणी उचलणार नाही.

बाटल्यांना उत्पन्न शून्य. कीटकनाशक नियम १९७१ मधला ४४ वा नियम म्हणतो की वापरलेली वेष्टनं उघड्यावर टाकू नयेत, ती फोडून वस्तीपासून दूर पुरावीत. आमच्या शिवारात विहिरी आणि कूपनलिका इतक्या जवळजवळ आहेत की न धुतलेली बाटली पुरायला पटलेली जागा मिळाली नाही. घातक कचरा जाळण्याची-गाडण्याची केंद्रं महाराष्ट्रात रांजणगाव, तळोजा आणि बुटीबोरीला आहेत. वाहतूकदाराला विचारलं तेव्हा दोन-चार गोण्यांसाठी गाडी पाठवणं परवडत नाही असं उत्तर आलं. कृषी सेवा केंद्राने रिकाम्या बाटल्या परत घ्यायला नकार दिला.

१२ जून

पहिला चांगला पाऊस पडला. ढेकळं विरघळली आणि जमिनीत राहिलेल्या पट्ट्या वर दिसू लागल्या. पावसानंतर, वखर घालण्याआधी, वाफशावर एक फेरी मारली तर माती पेपरवरून सहज गळते. कोरड्या बेडांच्या रांगेत सर्वाधिक निघालं, धुवून वाळवून साधारण दीड किलो. बाकीचं अजून खाली आहे, ते पुढच्या नांगरटीला निघेल तसं वेचावं लागेल.

दीड किलो म्हणजे राहिलेल्याचा तिसरा हिस्सा. एवढ्यासाठी वेगळी मजुरी लावू नये, पेरणीआधी काडीकचरा वेचणाऱ्या बायांनाच एक रिकामी गोणी द्यावी.

बाटल्यांच्या गोण्या पत्र्याच्या शेडमध्ये, फरशीवर, चारा आणि विहिरीपासून लांब, कुलपात आहेत. धुतलेल्या आणि न धुतलेल्या वेगळ्या, प्रत्येक गोणीवर प्रकार आणि तारीख. शेजारच्या गावांतल्या दोन गटांकडे असाच माल पडून आहे. तिघांचा मिळून गाडीभर झाला तर वाहतूकदाराला पुन्हा विचारायचं ठरलं आहे.